घरच्या कृषी सेवा केंद्रात नव्यानं बसताय? चूक दाखवायची कशी, ते आधी शिका

आमच्या सांगली जिल्ह्यात द्राक्षपट्ट्यातल्या बहुतेक कृषी सेवा केंद्रांची गोष्ट सारखीच असते. दुकान काकांनी किंवा वडिलांनी उभं केलेलं. मग कुटुंबातल्या एका पोराला बी.एस्सी. अ‍ॅग्री करायला लावायचं, कारण कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता शेतीचं किंवा विज्ञान शाखेचं शिक्षण लागतं. पोरगं पदवी घेऊन येतं आणि परवान्यावर त्याचं नाव चढतं. भिंतीवरच्या फ्रेममध्ये नाव त्याचं, गल्ल्यावर बसणार काका, आणि माल किती मागवायचा, कुणाला उधार द्यायचं, हे ठरवणारेही काकाच.

म्हणजे निरीक्षक आला की सही तुमची आणि शब्द मात्र दुसऱ्याचा. या खुर्चीत मी बारा वर्षं काढली आहेत. तासगावच्या बाजूला आमचं दुकान आहे. थोरले काका, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते कर्ते. माझे वडील, आण्णा, त्यांचे धाकटे भाऊ आणि भागीदार. तात्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, दादा, वसुली बघतो. मी औषधं आणि सल्ला बघतो. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी एक चूक केली. ती दुकानाला पैशांत महागात पडली आणि घराला त्याहून जास्त. नव्यानं बसणाऱ्या पोरापोरींनी, सुनांनीही, ती टाळावी म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिला महिना: कुणाचा शब्द कशावर चालतो ते लिहून काढा

दुकानात बसल्या दिवसापासून सल्ले द्यायला सुरुवात करू नका. महिनाभर फक्त बघा, आणि घरी एका वहीत लिहा: माल मागवायचा निर्णय कोण घेतं, दर कोण सोडतं, उधारीला हो कोण म्हणतं, कंपनीचा माणूस आला की कुणासमोर बसतो, बँकेत सही कुणाची, आणि कोणाच्या नकारानंतरही कुणाच्या होकारानं काम होतं.

आमच्याकडे कागदावर तात्या आणि आण्णा समान भागीदार आहेत. पण महिनाभर पाहिल्यावर मला कळलं, की औषधांचा माल तात्या ठरवतात, खतांचा आण्णा, आणि उधारीवर शेवटचा शब्द आजीचा. आजी दुकानात पाऊलही टाकत नव्हती. पण अमक्या गावच्या पाहुण्यांना नाही म्हणायचं नाही, हे ती सकाळी चहाला सांगायची आणि दादा निमूट बिल फाडायचा. हे माहीत नसतं तर मी दादाला उधारीवरून बोललो असतो, आणि त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी तो माझ्याशी भांडला असता.

भागीदारीचं पत्रकही एकदा वाचा. भागीदाराला फर्मची वहीखाती बघायचा आणि त्यांची नक्कल घ्यायचा हक्क 1932 च्या भागीदारी कायद्यानं दिला आहे. पुतण्याला, सुनेला किंवा भागीदार नसलेल्या मुलाला तो आपोआप मिळत नाही. तुम्ही भागीदार नसाल तर हिशेब बघायला मिळणं ही मोठ्यांची मर्जी आहे, हे लक्षात ठेवूनच तोंड उघडायचं.

पगार ठरवल्याशिवाय खुर्चीवर बसू नका

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जोर देऊन सांगतो. घरच्या दुकानात नव्या माणसाला पहिल्यांदा ऐकायला मिळतं, "तुला कशाला पगार? घरचंच आहे, लागेल तेवढं घे." बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. पण "लागेल तेवढं घे" याचा हिशेब कुठंच राहत नाही. मग ज्या दिवशी तुम्ही एखादी चूक दाखवता, त्या दिवशी समोरून येतं, "गाडीत पेट्रोल कुणाच्या पैशानं घालतोस?" आणि याला उत्तर नसतं, कारण खरंच आकडा कुणाकडेच नसतो.

म्हणून बसायच्या आधीच, कितीही थोडा असो, एक आकडा ठरवा. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तो बँकेतून खात्यात यायला हवा, गल्ल्यातून हातात नको. सीएला विचारलंत तर तोही हेच सांगेल, कारण काम करणाऱ्या नातेवाइकाला दिलेला वाजवी पगार दुकानाच्या खर्चात दाखवता येतो. हा विषय काढायला मी दीड वर्ष लावलं आणि शेवटी सीएच्याच तोंडून काढला. तात्यांना म्हणालो, "तात्या, सीएसाहेब म्हणतात माझं काहीतरी पगारपत्रकात दाखवा, नाहीतर हिशेबात अडचण येते." तात्या लगेच हो म्हणाले. मी स्वतःसाठी मागितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, पोरगं वेगळं व्हायच्या विचारात आहे.

पगारासोबत कामही ठरवून घ्या, आणि तेही मोजक्या शब्दांत. मी एवढंच मागितलं: औषधांच्या मुदतीचं आणि स्टॉक रजिस्टरचं काम माझं. मालाची ऑर्डर मागितली नाही. ती मागितली असती तर तात्यांची जागा मागितल्यासारखं झालं असतं. रजिस्टर कुणालाच नको असतं, त्यामुळे ते मिळायला त्रास झाला नाही. पुढं त्याच रजिस्टरनं काम केलं.

बावन्न बाटल्यांची गोष्ट

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आमच्याकडं फळछाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. छाटणीनंतर फूट निघते, घड बाहेर पडतात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस आला तर डाऊनी सुटते. एका रात्रीच्या पावसानं बाग हातची जाऊ शकते, म्हणून त्या दिवसांत शेतकरी सकाळी सहाला शटरपाशी उभा असतो. आणि पाऊस झाला नाही तर तेच औषध शेल्फवर बसून राहतं. म्हणजे डाऊनीच्या औषधाचा खप दुकानदार ठरवत नाही, ऑक्टोबरचं आभाळ ठरवतं. पण कंपनीची स्कीम येते ऑगस्टमध्ये, आभाळ कळायच्या आधी.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका औषधावर स्कीम आली: बारा बॉक्स घ्या, एक बॉक्स फुकट. एका बॉक्समध्ये लिटरच्या दहा बाटल्या, बाटली 1,100 रुपयांना. तात्यांनी बारा बॉक्स घेतले. 120 बाटल्यांचे 1,32,000 रुपये झाले आणि हातात आल्या 130 बाटल्या. बाटली जवळजवळ 1,015 ला पडली, म्हणजे बाटलीमागं 85 रुपये वाचले.

ऑक्टोबर कोरडा गेला. 78 बाटल्या विकल्या, 1,300 च्या भावानं, 1,01,400 रुपये आले. 52 बाटल्या शिल्लक राहिल्या आणि 30,600 रुपये अडकले. स्कीम सोडून आठच बॉक्स घेतले असते तर 88,000 गुंतले असते, त्याच 78 बाटल्यांवर 13,400 हातात राहिले असते आणि दोनच बाटल्या उरल्या असत्या.

मार्चमध्ये रॅक झाडताना मला त्या 52 बाटल्या दिसल्या. एक उलटी करून पाहिली. मुदत जूनपर्यंत. स्कीममध्ये आलेला माल आधीच्या बॅचचा होता. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्या बागांना डाऊनीचं औषध लागायला लागतं पावसाळा सुरू झाल्यावर, म्हणजे नेमकी मुदत संपताना. त्यामुळे माल खपायची वाट नव्हती. कंपनीला परत करणं हाच मार्ग होता. आमच्याकडचा कंपनीचा माणूस सीलबंद माल मुदतीच्या तीन महिने आधी कळवलं तर उचलायचा. म्हणजे माझ्याकडे मोजून दहा-बारा दिवस होते.

आणि मी काय केलं? एक बाटली हातात घेऊन काउंटरवर आलो. समोर तीन शेतकरी उभे होते, त्यात एक काकूंच्या माहेरचा. मी म्हणालो, "तात्या, एवढं मागवायची काय गरज होती? हे जूनमध्ये एक्सपायर होतंय."

तात्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "तू शाळेत जात होतास तेव्हापासून मी हा माल विकतोय. कॉलेजात शिकलास म्हणून मला हिशेब शिकवतोस?"

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण म्हणालो, "हिशेब शिकवत नाही, पण पन्नास हजाराचा माल पडलाय."

त्यावर तात्या काही बोलले नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर काकूंनी आईला विचारलं, "तुमच्या मुलाला आमचं काय खुपतंय?" दुसऱ्या दिवशी आण्णा माझ्यावर चिडले. रविवारी काकू जेवायला आल्या नाहीत. आजीनं मला बोलावून सांगितलं, "मोठ्या माणसाला चारचौघांत बोलायचं नसतं." सोळा दिवस तात्या माझ्याशी फक्त बिलापुरतं बोलले. त्या सोळा दिवसांत बाटल्यांचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही आणि तात्या ते काढणं शक्यच नव्हतं. परत करायची मुदत निघून गेली.

जुलैमध्ये मीच त्या बाटल्या वेगळ्या केल्या. कायद्यानं मुदत संपलेलं कीटकनाशक वेगळं ठेवून त्यावर "विक्रीसाठी नाही" असं लिहावं लागतं, आणि ठेवलेल्या जागेवर "मुदत संपलेलं कीटकनाशक" अशी पाटी लागते. ते शिक्के मारताना मला जे कळलं, ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी मालाबद्दल बोललो होतो, पण तात्यांना ऐकू आलं ते त्यांच्या तीस वर्षांबद्दल. घरच्या दुकानात प्रत्येक निर्णयावर कुणाचं ना कुणाचं नाव असतं. "हे कुणी मागवलं?" हा प्रश्न नोकरीच्या ठिकाणी कामाचा असतो. आमच्याकडे तो ज्यानं मागवलं त्याच्या लायकीवर जातो, कारण सगळ्यांना आधीच माहीत असतं कुणी मागवलं.

आधी कारण शोधा

पुढच्या वर्षी ऑगस्टच्या आधीच मी कामाला लागलो. पहिली गोष्ट, जुनी बिलं काढली. मला बघायचं होतं, तात्यांनी बारा बॉक्स का घेतले असतील. शहाणा माणूस आहे, उगाच पैसे अडकवणारा नाही.

बिलांत उत्तर सापडलं. त्याच्या आदल्या वर्षी तात्यांनी नऊ बॉक्स घेतले होते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, नव्वद बाटल्या चार दिवसांत संपल्या आणि पुढचे आठ दिवस आमच्याकडे ते औषध नव्हतं. त्या आठ दिवसांत तीन मोठे बागायतदार दुसऱ्या दुकानात गेले ते गेलेच. त्यातल्या एकाची वीस एकर बाग होती. तात्यांनी बारा बॉक्स हावेनं घेतले नव्हते. आदल्या वर्षी माल कमी पडला, ती भीती त्यांच्या मनात बसली होती.

चूक दाखवायच्या आधी हे काम करायलाच हवं, आणि नवखी माणसं नेमकं हेच टाळतात. ज्या निर्णयावर बोलायचं आहे त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं कागदावर बघा. बहुतेक वेळा आताची चूक हा आधीच्या एखाद्या फटक्यावर केलेला उपाय असतो. तो फटका तुम्ही तोंडानं सांगितलात, की समोरच्याला कळतं, याला आपली बाजू माहीत आहे.

कारण सापडलं नाही तर विचारा, पण प्रश्न "का" नं सुरू करू नका. "तात्या, एवढा माल का घेतला?" हा जाब आहे. "तात्या, त्या वर्षी ऑक्टोबरात काय झालं होतं?" ही चौकशी आहे, आणि मोठ्या माणसांना जुनं सांगायला आवडतं. मी असं विचारल्यावर तात्यांनी मला 2009 च्या अवकाळीपासून सगळं सांगितलं. त्यात मला न सुचलेली एक गोष्ट होती: सांगलीचा डिस्ट्रिब्युटर सीझनमध्ये माल कसा अडवून ठेवतो आणि कुणाला आधी देतो.

माणूस बाजूला, वही समोर

दुसरी गोष्ट, मी एक साधं रजिस्टर बनवलं. सरकारी स्टॉक रजिस्टर तर ठेवावंच लागतं, पण ते निरीक्षकासाठी असतं, घरातल्यांना त्यातून काही दिसत नाही. माझ्या वहीत एका पानावर एकच औषध. वर नाव, बॅच आणि मुदत. खाली प्रत्येक महिन्याला एक ओळ: महिन्याच्या सुरुवातीला किती, आले किती, गेले किती, उरले किती. शेवटच्या रकान्यात मुदतीला किती महिने राहिले. सहाच्या खाली आलं की लाल पेन. बस.

हे रजिस्टर सुरू करताना एक पथ्य पाळा. पहिल्या लाल ओळी स्वतःच्या मालाच्या दाखवा. मी एका जिवाणू खताची ऑर्डर दिली होती, कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात ऐकून. चाळीस पाकिटं आणली, अकरा खपली. पहिल्या महिन्यात रजिस्टर तात्यांच्या समोर ठेवलं तेव्हा लाल ओळ फक्त त्याची होती. तात्या हसले, म्हणाले, "हे तुझं पुस्तकी खत होय?" मी म्हणालो, "होय, माझ्याकडून जास्त मागवलं गेलं. कंपनीला फोन करून सांगतो, परत घेतात का बघतो." तात्या म्हणाले, "थांब, मी बोलतो, माझा ओळखीचा आहे." सव्वीस पाकिटं परत गेली.

त्या दिवसापासून लाल ओळ म्हणजे कंपनीला फोन करायची आठवण, एवढाच अर्थ राहिला, कुणाची चूक हा नाही. हे तुम्ही बोलून पटवून देऊ शकत नाही. स्वतःची ओळ आधी दाखवूनच ते पटतं.

वेळ, जागा आणि पहिलं वाक्य

दुकानात, काउंटरवर, ग्राहक किंवा कामाची पोरं असताना काहीही बोलायचं नाही, मग कितीही घाई असो. घरी जेवताना तर अजिबात नाही. तिथं काकू, आई, वहिनी सगळ्या असतात आणि तुमचं वाक्य सकाळपर्यंत तीन घरांत फिरतं. सणाच्या आदल्या दिवशी, लग्नकार्याच्या महिन्यात किंवा वसुली अडकलेली असतानाही नको.

आमच्याकडे बरी वेळ म्हणजे सकाळी शटर उघडल्यावरची पंधरा मिनिटं. तात्या उदबत्ती लावतात, चहा येतो, ग्राहक अजून नसतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कंपनीचा माणूस स्कीम घेऊन यायच्या आधी, मी रजिस्टरमधलं ते पान उघडून ठेवलं. कंपनीच्या माणसासमोर तात्यांनी शब्द दिल्यावर तो मागं घ्यायला लावणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं, म्हणून आधी बोलणं महत्त्वाचं होतं.

मी म्हणालो, "तात्या, नऊ बॉक्स घेतले तेव्हा आठ दिवस माल नव्हता आणि तीन गिऱ्हाइकं गेली. बारा घेतले तेव्हा बावन्न बाटल्या राहिल्या. यंदा दोन्ही होऊ नये असं काही करता येईल काय?"

वाक्यात "तुम्ही" नव्हतं, "चूक" नव्हतं, आणि पहिला आकडा त्यांच्या बाजूचा होता. शेवटी उत्तर नव्हतं, प्रश्न होता. तात्यांनी वही जवळ ओढली. बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आठ घेऊ. पण ऑक्टोबरात सांगलीवाला देणार नाही, तेव्हा सगळे मागतात." मी गप्प राहिलो. थोड्या वेळानं त्यांनीच फोन उचलला आणि डिस्ट्रिब्युटरला म्हणाले, "आमच्या नावानं चार बॉक्स 15 ऑक्टोबरपर्यंत बाजूला ठेवा. पाऊस झाला तर उचलतो, नाही झाला तर सोडतो." तो जुन्या ओळखीवर तयार झाला. फुकटचा बॉक्स गेला. मी फोन केला असता तर तो हो म्हणाला नसता, हेही खरं.

त्या वर्षी थोडा पाऊस झाला. आठ बॉक्सनंतर बाजूला ठेवलेल्यातले दोन उचलले. 100 बाटल्यांपैकी 97 गेल्या. 1,10,000 घालून 1,26,100 आले. बारा अधिक एक घेतले असते तर तेवढ्याच विक्रीवर 5,900 अजून अडकलेले असते आणि 33 बाटल्या रॅकवर असत्या.

सुनांसाठी एक वेगळं सांगायला हवं, कारण आता अनेक दुकानांत परवान्यावर सुनेचं नाव असतं. तुमचा मुद्दा नवऱ्याच्या तोंडून सासऱ्यांपर्यंत पाठवू नका. तो वाटेत बदलतो. "स्टॉकमध्ये फरक येतोय" याचं "ती म्हणते बाबांना हिशेब जमत नाही" होऊन पोचतं. रजिस्टर तुमच्या हातात आहे, तर सासऱ्यांसमोर पान तुम्हीच उघडा, तेही रोजच्या ठरलेल्या वेळी, म्हणजे काही खास गाऱ्हाणं घेऊन आलात असं वाटणार नाही.

तरीही घसरलं तर

एवढं करूनही कधीतरी समोरून "तुझ्या बापाला विचार" किंवा "तुला आमचं चांगलं बघवत नाही" असं येणारच. तेव्हा ओळखायची खूण एकच: बोलण्यातून मालाचं नाव गेलं आणि माणसाचं आलं. त्या क्षणी मुद्दा सिद्ध करायच्या भरीस पडू नका, आणि माफीही मागू नका. माफी मागितली की मुद्दाही चुकीचा ठरतो. मी एवढंच म्हणतो, "बरं तात्या, उद्या बोलू," आणि गिऱ्हाइकाकडं वळतो. मात्र मुदत संपत आलेली असेल तर उद्या खरंच बोलायचं, परवा नाही. माझी 52 बाटल्यांची खरी चूक काउंटरवर बोललो एवढीच नव्हती, त्यानंतर सोळा दिवस गप्प बसलो हीसुद्धा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे करून "तात्या, काल मी बोलायला नको होतं तिथं बोललो. ह्या बाटल्या शुक्रवारपर्यंत कळवायच्या आहेत, फोन तुम्ही करताय का मी करू?" एवढं म्हणालो असतो तर माल परत गेला असता.

आणि घरी आईला किंवा बायकोला आजचं भांडण सांगू नका. मन मोकळं करायला एखादा मित्र बघा, जो नात्यातला नाही. तुमचा आणि तात्यांचा समेट दोन दिवसांत होतो. आईचा आणि काकूंचा व्हायला दोन दिवाळ्या जातात.

पाहुण्यांची उधारी

हीच पद्धत उधारीला लागते, पण तिथं कायद्याची तारीख मदतीला येते. उधारीची मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाचे पैसे वसूल करायला दावा माल दिल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. त्या तीन वर्षांच्या आत गिऱ्हाइकानं बाकी मान्य असल्याची सही दिली तर सहीच्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. म्हणून दादा आणि मी दर मार्चमध्ये सगळ्यांचे खातेउतारे काढतो आणि सगळ्यांच्या सह्या घेतो, आजीच्या माहेरच्यांच्याही. फक्त पाहुण्यांचीच सही मागितली असती तर अपमान झाला असता. सगळ्यांचीच असते म्हटल्यावर कुणी काही म्हणत नाही, आणि कुणाची किती बाकी आहे ते आजीसमोर आम्हाला मोठ्यानं बोलावं लागत नाही.

जिथं गप्प बसायचं नाही

वर सांगितलेली सगळी सबुरी पैशांच्या गोष्टींसाठी आहे. मुदत संपलेलं औषध विकणं, बिल न देता विकणं, किंवा बॅच नंबर नसलेला माल ठेवणं इथं सबुरी चालत नाही, कारण परवान्यावर तुमचं नाव आहे आणि फवारणी करणारा शेतकरी आपल्या विश्वासावर फवारतो. मुदत संपलेल्या मालाचा परिणाम न दिसल्यानं बाग गेली तर ती कुठल्याच वहीत बसत नाही.

एकदा आमच्याकडे दादानं मुदत संपून महिना झालेल्या तीन बाटल्या जुन्या गिऱ्हाइकाला कमी भावात द्यायच्या ठरवल्या. मी त्याच्यासमोर बाटल्या उचलल्या, शिक्का मारलेल्या खोक्यात ठेवल्या आणि म्हणालो, "दादा, ह्यावर माझी सही आहे. हे मी देऊ शकत नाही. त्यांना नवी बाटली कमी नफ्यात देऊ, ते मी तात्यांना सांगतो." इथं कारण शोधणं, चहाची वेळ बघणं, काही केलं नाही. दादा चिडला. पण मी "तू असं कसं करतोस" म्हणालो नव्हतो, "मी देऊ शकत नाही" म्हणालो होतो. त्यामुळे भांडण बाटल्यांपाशीच थांबलं.

असं वारंवार होऊ लागलं आणि तात्यांसारखं कुणी ऐकणारं घरात नसेल, तर शेवटचा मार्ग माहीत असू द्या. जिल्ह्याच्या कृषी कार्यालयात लेखी अर्ज देऊन परवान्यावरचं आपलं नाव काढून घेता येतं. अर्ज देण्याच्या आधी घरातल्या मोठ्यांना स्वतः जाऊन सांगा, अर्जाची पोच घ्या, आणि त्या तारखेच्या स्टॉक रजिस्टरची झेरॉक्स सहीनिशी जवळ ठेवा. नाव काढलं की दुकानाला दुसरा शिकलेला माणूस शोधावा लागतो, त्यासाठी त्यांना महिना-दोन महिने द्या आणि तेवढ्या काळात रोज नेहमीच्या वेळी दुकानात जा.